दोन, थोडके आणि पुष्कळ

रामकुंडावर संकल्प सांगणारे गुरुजी जी संस्कृत बोलतात, तिच्यात एक, दोन आणि पुष्कळ अशी तीन वचने आहेत. 'रामः' म्हणजे एक, 'रामौ' म्हणजे दोन, 'रामाः' म्हणजे अनेक. 'दोन' हा शब्द वेगळा उच्चारावा लागत नाही. तो रूपातच मुरलेला असतो. 'पितरौ' एवढे म्हटले की आई आणि बाप दोघेही आले. पुढे प्राकृतात हे द्विवचन मोडले व त्याचे काम अनेकवचनाकडे गेले, आणि मराठीला वारशात दोनच वचने मिळाली.

कोणी म्हणेल, आपल्याकडे 'दोघे', 'दोघी' आहेत ना! आहेत, पण ती संख्येची नावे आहेत, वचन नव्हे. पारखण्याची खूण सोपी आहे. 'आम्ही दोघे आलो' यातून 'दोघे' काढून टाका. 'आम्ही आलो' हे वाक्य शुद्धच राहते, फक्त माहिती कमी होते. द्विवचन असलेल्या भाषेत बोलणाऱ्याला असे मोघम राहता येत नाही. दोन की अधिक, हे सर्वनाम निवडतानाच ठरवावे लागते.

अशी जिवंत भाषा पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. अमरावती जिल्ह्यात मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत, कोरकू बोलली जाते. ती मराठीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी या पूर्वेकडील भाषांच्या मुंडा कुळातली ही पश्चिमेकडे राहिलेली बहीण. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली तिचे व्याकरण छापले. तिच्यात माणूस म्हणजे 'कोरो'. दोन दाखवावयाचे तर 'किं' हा प्रत्यय लागतो आणि अनेक दाखवावयाचे तर 'कू'. 'कोरकू' हे जमातीचे नावच अनेकवचन आहे. त्याचा अर्थ 'माणसे'. हे प्रत्यय मुख्यतः सजीवांना लागतात. दगड-लाकडांची अशी मोजदाद भाषा ठेवीत नाही.

खरी मौज 'आम्ही' या शब्दाची आहे. मराठीत आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो: ऐकणारा बाहेर असला तर 'आम्ही', आत असला तर 'आपण'. कोरकूत हा भेद आहेच, शिवाय दोन आणि अनेक हाही आहे. म्हणून चार शब्द होतात. 'अलां' म्हणजे तू आणि मी. 'अलिं' म्हणजे मी आणि आणखी एक, तू नव्हेस. 'अबुं' म्हणजे तुझ्यासह आपण सारे. 'अले' म्हणजे आम्ही सारे, तुला सोडून. शेवटचा अनुस्वार नाकातून म्हणावा.

आता असे समजा की, मेळघाटातला एक मजूर मजुरीच्या तक्रारीवर जबाब देत आहे. तो म्हणतो, 'अलिं' मुकादमाकडे गेलो. दुभाषी मराठीत सांगतो, 'आम्ही गेलो', आणि कारकून तसेच लिहून घेतो. मजुराने दोनच माणसे गेल्याचे सांगितले होते. कागदावर ती दोन की दोनशे हे कळेनासे झाले. उद्या समोरचा पक्ष त्याला जमावाचा पुढारी म्हणाला, तर त्याचा मूळ शब्द त्याच्या बाजूने साक्ष देईल, पण भाषांतर देणार नाही. दुभाष्याने 'आम्ही दोघे' म्हटले असते तर काहीच बिघडले नसते. मराठीत हा अर्थ सांगता येत नाही असे नाही. मराठी तो सांगण्याची सक्ती करीत नाही, एवढेच. संघटनेच्या कामात 'आम्ही' म्हणजे नेमके किती, या प्रश्नावर वाटाघाटी अडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून हा भेद आम्हांस किरकोळ वाटत नाही.

काही भाषा याहून पुढे जातात. फिजी बेटांवर १८७९ ते १९१६ या काळात आपल्या देशातले गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' म्हणावयाचे तीन प्रकार आहेत: दोघे असू तर 'केइराऊ', थोडके असू तर 'केइतोऊ', पुष्कळ असू तर 'केइमामी'. मधल्याला अल्पवचन म्हणता येईल. तीन-चार माणसांना ते सहज लागते, पण 'थोडके' कुठे संपतात याची पक्की रेघ नाही. सारा गाव डोळ्यांसमोर असेल तर त्यातला बराच मोठा गटही थोडकाच ठरतो. द्विवचन मोजते, अल्पवचन तुलना करते. दोघांत हा फरक आहे.

या रचनेला क्रमही आहे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली अनेक भाषा ताडून असे मांडले की, द्विवचन आहे पण अनेकवचन नाही, अशी भाषा आढळत नाही. आधी 'पुष्कळ' येते, मग त्यातून 'दोन' वेगळे निघतात. मोडताना उलट घडते: संस्कृताकडून मराठीकडे येताना 'दोन' गेले, 'पुष्कळ' राहिले. मेळघाटात ते 'दोन' आजही बोलण्यात आहेत. तिथल्या माणसाचा जबाब, अर्ज किंवा तक्रार मराठीत उतरविणाऱ्याने प्रत्येक 'आम्ही'पाशी थांबून त्याला विचारावे: किती जण, आणि त्यांत मी धरला आहे की नाही?