पोटॅशियम वाढतं तेव्हा ईसीजीवर काय दिसतं

मूत्रपिंडं निकामी झालेला रुग्ण “पायांत त्राणच उरलं नाही” म्हणत रुग्णालयात आला, की अनुभवी डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता आधी ईसीजी काढायला सांगतात. रुग्णाच्या छातीत दुखत नसतं, त्यामुळे नातेवाइकांना हे कोडं वाटतं. पण रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं, तर हातापायांचे स्नायू सैल पडतात आणि हृदयातून जाणारा विजेचा संदेश बिघडतो. हा बिघाड ईसीजीच्या पट्टीवर काही मिनिटांत दिसतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला मात्र तासभरही लागू शकतो.

डायलिसिस विभागांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या रुग्णांवरून एक उदाहरण घेऊ. ५८ वर्षांचे एक गृहस्थ, डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी. घरात लग्न होतं म्हणून शुक्रवारची पाळी चुकली. थकवा आलाय, ऊनही आहे, म्हणून घरच्यांनी काळजीपोटी शनिवारी आणि रविवारी त्यांना शहाळ्याचं पाणी दिलं. रविवारी रात्री त्यांना खुर्चीतून उठता येईना. रुग्णालयात आणलं तेव्हा नाडी मिनिटाला ४४ होती.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल एवढंच असतं. आत भरपूर आणि बाहेर थोडं, या तफावतीमुळेच हृदयाच्या पेशीत विजेचा दाब टिकून राहतो आणि प्रत्येक ठोक्याला तो मोकळा होतो. आहारातून आलेलं जादा पोटॅशियम निरोगी मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात. मूत्रपिंडं थकलेली असतील तर ते रक्तातच साचतं. मोठ्या पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असू शकतं. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. या गृहस्थांच्या शरीरातून मात्र ते बाहेर पडायला डायलिसिसखेरीज फारशी वाट नव्हती.

बाहेरचं पोटॅशियम वाढलं की ही तफावत घटते. ठोका संपल्यावर पेशी नेहमीपेक्षा लवकर पूर्वपदावर येते, आणि ईसीजीवर टी लाट उंच, टोकदार आणि अरुंद तळाची होते. तंबूसारखा हा आकार धोक्याची पहिली खूण. पातळी आणखी चढली की उलटा परिणाम सुरू होतो. पेशी अर्धवट उत्तेजित अवस्थेत अडकतात, सोडियम आत घेणाऱ्या त्यांच्या वाहिन्या पुरत्या उघडत नाहीत आणि विजेचा संदेश रेंगाळतो. वरच्या कप्प्यांची पी लाट आधी चपटी होते आणि मग नाहीशी होते. खालच्या कप्प्यांचा क्यूआरएस हा भाग रुंदावत जातो. तो एरवी पट्टीवरच्या तीन लहान चौकटींच्या, म्हणजे ०.१२ सेकंदाच्या आत बसतो. शेवटी रुंद क्यूआरएस आणि टी लाट एकमेकांत मिसळतात आणि पट्टीवर फक्त एकसारखी वरखाली जाणारी लाट उरते. तिला साइन वेव्ह म्हणतात. त्यानंतर हृदय कधीही थांबू शकतं.

हा क्रम पुस्तकात पायरीपायरीने येतो, प्रत्यक्षात तो पाळला जाईलच असं नाही. पोटॅशियम साडेसातच्या पुढे असूनही एखाद्या रुग्णाचा ईसीजी जवळजवळ सामान्य दिसतो, तर एखाद्याचं हृदय मधल्या पायऱ्या न दाखवताच थांबतं. म्हणून सामान्य पट्टी धोका नसल्याची हमी देत नाही. बिघडलेली पट्टी मात्र उपचार लगेच सुरू करायला पुरेशी असते.

आपल्या उदाहरणातल्या पट्टीवर पी लाट नव्हतीच. क्यूआरएस पाच चौकटी रुंद झाला होता आणि त्याचं टोक टी लाटेत मिसळू लागलं होतं. इथे एक घातक चूक होऊ शकते. रुंद क्यूआरएस पाहून ही खालच्या कप्प्यांतून उठलेली भरधाव लय आहे असं वाटतं, आणि तिच्यावरचं औषध दिलं जातं. लिग्नोकेनसारखी काही औषधं सोडियमच्या त्याच वाहिन्या आणखी अडवतात आणि हृदय बंद पडू शकतं. लय फार वेगवान नाही, क्यूआरएस मात्र विलक्षण रुंद आहे आणि रुग्ण डायलिसिसवर आहे, एवढं जुळलं की डॉक्टर आधी पोटॅशियमचा विचार करतात.

“सिस्टर, कॅल्शियम ग्लुकोनेटचे तीन अँप्यूल काढा, मॉनिटर लावा,” ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं. दहा टक्क्यांचं हे द्रावण तीस मिलिलिटर, शिरेतून, साधारण दहा मिनिटांत. दोन-तीन मिनिटांतच मॉनिटरवरचा क्यूआरएस अरुंद होऊ लागला आणि नाडी साठच्या पुढे गेली. थोड्या वेळाने अहवाल आला: पोटॅशियम ८.१.

कॅल्शियमने हे पोटॅशियम जराही कमी झालं नव्हतं. कॅल्शियम हृदयाच्या पेशीचा उत्तेजित होण्याचा उंबरठा वर नेतं, त्यामुळे हरवलेली तफावत काही काळ भरून निघते. हृदयावर पोटॅशियम आणि कॅल्शियम परस्परविरोधी काम करतात, हे लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८०च्या दशकात बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. हे संरक्षण साधारण अर्धा ते एक तासच टिकतं. पट्टी पाच-दहा मिनिटांत सुधारली नाही, तर कॅल्शियम पुन्हा देतात.

मिळालेल्या वेळात पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं असतं. त्यासाठी साधं इन्सुलिन १० युनिट आणि त्याच्याबरोबर २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजचे शंभर मिलिलिटर. त्याचा परिणाम पंधरा-वीस मिनिटांत सुरू होतो. जोडीला दम्यासाठी वापरतात त्या साल्ब्युटामॉलची वाफ, पण दम्याच्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट, १० ते २० मिलिग्रॅम. हृदयविकार असेल तर ती बेताने देतात. दोन्ही उपाय मिळून पातळी साधारण एकाने उतरते. इन्सुलिनचा धोका नंतर उगवतो. ग्लुकोज संपतं, पण निकामी मूत्रपिंडांमुळे इन्सुलिन रक्तात रेंगाळतं आणि साखर खाली येते. म्हणून पुढचे सहा तास बोटातून रक्त घेऊन साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

तासाभराने या गृहस्थांचं पोटॅशियम ७.१ होतं, पण मॉनिटरवर क्यूआरएस परत रुंदावू लागला होता. कॅल्शियमचा असर ओसरला होता. दुसरी मात्रा दिली गेली आणि तोवर डायलिसिसचं यंत्र तयार झालं. इन्सुलिन आणि वाफेने पोटॅशियम फक्त जागा बदलतं. काही तासांत ते पेशींतून रक्तात परत येतं. शरीराबाहेर ते डायलिसिसनेच जातं. ज्यांना लघवी होते त्यांच्यात लघवी वाढवणारी औषधंही मदत करतात. पोटात पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर सावकाश काम करते, त्यामुळे अशा रात्री एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही.

चार तासांच्या डायलिसिसनंतर पातळी ४.६ वर आली आणि पी लाट परत दिसू लागली. पेशींतलं पोटॅशियम पुन्हा रक्तात उतरतं, म्हणून काही तासांनी तपासणी पुन्हा केली, तेव्हा ती ५.२ भरली. सकाळी डॉक्टरांनी औषधांची पिशवी मागवली. तिच्यात रक्तदाबासाठीची रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवणारी दोन औषधं एकत्र निघाली, आणि त्यातलं दुसरं बंद केलं. घरी आणलेलं कमी सोडियमचं मीठही थांबवलं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पुढच्या डायलिसिसची तारीख मंगळवारचीच ठेवली. पाळी चुकणार असेल तर त्याच दिवशी विभागात फोन करायचा आणि पाय जड वाटले तर रात्री-अपरात्रीही ईसीजी काढून घ्यायचा, हे मुलाला डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं.