दोन किलोंचं ओझं आणि खाडीचा वारा

आगरदांड्याच्या धक्क्यावरून समोर दिघी दिसते. मध्ये राजपुरीची खाडी. फेरीबोट चालू असेल तेव्हा दिघी जवळ वाटते, बंद असेल तर खाडीला वळसा घालून जावं लागतं. अशा जागी दोन किलो औषधं हवेतून पलीकडे पाठवायची, तर कसलं यंत्र लागेल? प्रश्न काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप गावी लसीचे तीनशे डोस ड्रोनने नेले होते. इथे आपण सहा पंख्यांचा ड्रोन, म्हणजे हेक्साकॉप्टर, निवडून पाहू. हिशेबासाठी एकेरी अंतर चार किलोमीटर धरलं आहे. प्रत्यक्षात ते उड्डाणाच्या दोन जागा ठरवून नकाशावर मोजावं लागेल.

सुरुवात वजनापासून करावी. सांगाडा, सहा मोटरी, त्यांचे वेगनियंत्रक, पंखे, वायरी आणि उड्डाण-नियंत्रक मिळून ३.४ किलो धरू. बॅटरी २ किलो, आणि डब्यासह औषधं २ किलो. एकूण ७.४ किलो. हे आकडे विक्रेत्याच्या पानावरून न घेता प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून घ्यावेत. वायरी, स्क्रू आणि चिकटपट्ट्या मिळून दोन-तीनशे ग्रॅम सहज वाढवतात, आणि ते कुठल्याच पानावर लिहिलेले नसतात.

हवेत नुसतं स्थिर राहायचं तर प्रत्येक पंख्याला सुमारे १.२३ किलो उचलावे लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही. वाऱ्याचा झोत आला, ड्रोन कलला, तर सावरायला जादा जोर लागतो. म्हणून एकूण जोर वजनाच्या दुप्पट असावा, असा संकेत आहे. म्हणजे १४.८ किलो, एका मोटरीला जवळजवळ अडीच किलो. या संकेतामागे हेक्साकॉप्टरचं आणखी एक कारण आहे. एक मोटर बंद पडली, तर तोल राखायला तिच्या बरोबर समोरचीही जवळजवळ बंद करावी लागते. भार उरलेल्या चारांवर येतो, प्रत्येकीवर १.८५ किलो. अडीच किलोंची मोटर तो पेलते, दीड किलोंची पेलणार नाही. मात्र अशा वेळी ड्रोनला आपलं तोंड एका दिशेला धरून ठेवणं कठीण जातं, तो गिरक्या घेऊ शकतो. सहा पंखे आहेत म्हणून फेरी पूर्ण होईल असं समजू नये. फार तर तो पाण्याऐवजी किनाऱ्यावर उतरवता येईल.

आता पंखा. वल्हं रुंद असलं की पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकललं जातं. अरुंद असलं की थोडं पाणी जोरात ढकलावं लागतं, आणि दमही लवकर लागतो. हवेचंही तसंच आहे. आपल्या वजनाला १५ इंची पंखे लावले, तर स्थिर राहण्यासाठी सुमारे १००० वॅट लागतात. १८ इंची लावले तर ८४०. यात पंखा, मोटर आणि नियंत्रक मिळून अर्धी शक्ती वाया जाते असं मी धरलं आहे. निराशावादी वाटलं, तरी हा आकडा खऱ्याच्या जवळ जातो.

१८ इंची घेतले की सांगाडा आपोआप ठरतो. षटकोनात शेजारच्या दोन मोटरींमधलं अंतर हे भुजेच्या लांबीएवढंच असतं. पंखा ४५७ मिलिमीटरचा, म्हणजे भुजा निदान ४९० हवी आणि समोरासमोरच्या मोटरींत जवळजवळ एक मीटर अंतर येतं. पुष्कळ जण आधी दिसायला देखणा सांगाडा घेतात आणि मग त्यात मावतील ते पंखे लावतात. हा क्रम उलटा आहे. भुजा कार्बनच्या नळ्यांच्या असाव्यात, पण त्या धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पकडींवर आगरदांड्यासारख्या ठिकाणी लक्ष हवं. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. सांध्यापाशी पांढरी भुकटी दिसली की समजावं.

मोटर निवडताना केव्ही हा आकडा पाहावा, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे होतात ते. मोठ्या पंख्याला संथ मोटर हवी, सहा सेलच्या बॅटरीवर साधारण ३५०च्या आसपास केव्हीची. जास्त केव्हीची मोटर १८ इंची पंखा फिरवू पाहते, फार प्रवाह खेचते आणि तापते. पाच मिनिटं स्थिर उडवून उतरवावं आणि मोटरीला बोट लावावं. ठेवता आलं नाही, तर जोडी चुकली.

बॅटरी १६ अँपिअर-तास, २२.२ व्होल्ट, म्हणजे ३५५ वॅट-तास. शेवटचा पाचवा भाग वापरायचा नाही, कारण तिथे व्होल्टेज झपाट्याने खाली येतं. उरले २८४. त्यांना ८४० ने भागलं की वीस मिनिटं येतात. मग दोन बॅटऱ्या लावल्या तर चाळीस? नाही, साडेअठ्ठावीस. वजन ९.४ किलो होतं, आणि लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, म्हणून ती जवळजवळ १२०० वॅट होते. शिवाय दुपटीचा जोर दीडपटीवर येतो. दुसरी बॅटरी मी घेणार नाही.

आता फेरी. सेकंदाला १० मीटर वेगाने चार किलोमीटरला पावणेसात मिनिटं लागतात. येताना डबा रिकामा, म्हणून शक्ती ५३० वॅटवर येते. दोन्ही टोकांना चढण्या-उतरण्याची दोन-दोन मिनिटं धरून एकूण २०० वॅट-तास. हाताशी २८४ आहेत, म्हणजे काम झालं असं वाटतं.

पण जाताना ६ मीटरचा वारा समोरून आला, तर खाडीवरून पुढे सरकण्याचा वेग चारच उरतो. पावणेसात मिनिटांची सतरा मिनिटं होतात, तीही भरलेल्या डब्यासह. परतताना तोच वारा पाठीशी असून अडीच मिनिटंच वाचतात. बेरीज ३१७ होते, आणि ड्रोन परतीच्या वाटेवर पाण्याच्या वर असताना राखीव भागाला हात लागतो. एवढा वारा किनाऱ्यावर दुपारी नेहमीचा.

अशा वेळी पहिली ओढ हळू जाण्याची असते, आणि तीच महागात पडते. हवेतला वेग १४ मीटर केला, तर पुढे सरकण्याचा वेग चारचा आठ होतो. शक्ती पंधरा टक्के जास्त धरली, तरी पूर्ण फेरी २१४ वॅट-तासांत बसते. अट एवढीच की डबा बसका आणि निमुळता हवा. खाली लोंबणारी चौकोनी पेटी हा पंधरा टक्क्यांचा अंदाज मोडेल.

म्हणून पहिली चाचणी खाडीवर करू नये. मोकळ्या मैदानात, पूर्ण वजनासह, आधी स्थिर आणि मग १४ मीटर वेगाने उडवून नियंत्रकातली नोंद वाचावी. स्थिर असताना ३८ अँपिअरऐवजी ४५ दिसले, तर वीस मिनिटांची सतरा झालेली असतात. थ्रॉटल साठ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर दुपटीचा जोर कागदावरच होता. नजरेआड उडवायला लागणाऱ्या परवानगीची खटपट या नोंदी जुळल्यावर करावी.