पिवळा साका दिसला? मिथाइल कीटोन!

अ‍ॅसिटोफेनोनचे दोन थेंब डायऑक्सेनमध्ये विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइड घाला, मग तपकिरी रंग टिकेपर्यंत आयोडीनचं द्रावण. जरा कोमट केलं की पिवळा साका आणि दवाखान्याचा वास, म्हणजेच आयोडोफॉर्म.

कार्बोनिलशेजारच्या मिथाइलचा हायड्रोजन अल्कली काढतं, तिथे आयोडीन बसतं. त्यामुळे उरलेले हायड्रोजन आणखी सहज निघतात आणि तिन्ही जातात. मग हायड्रॉक्साइड कार्बोनिलवर येतं आणि अख्खा CI₃ गट सुटतो. मागे उरतं सोडियम बेंझोएट.

बेंझोइक आम्लच हवं असेल तर महाग आयोडीनऐवजी ब्लीच वापरतात. उरलेलं ब्लीच आधी बायसल्फाइटने संपवायचं, नाहीतर आम्ल ओतताच क्लोरीन सुटतो.

आणि हो, इथेनॉलही हाच पिवळा साका देतं! नळी अल्कोहोलने धुतली असेल तर चाचणी पुन्हा करा.