खिळ्यांचा क्रम, संगणकाचा क्रम

हातजुळणीत शब्द जसा दिसतो त्याच क्रमाने उभा राहतो. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरतो, उजव्या हाताने केसच्या घरांतून खिळे उचलतो आणि डावीकडून उजवीकडे, पण डोके खाली करून लावत जातो. 'कार्तिकी' जुळवताना हात आधी क आणि काना उचलतो, मग पहिली वेलांटी, त, त्यावरचा रफार आणि शेवटी दुसऱ्या वेलांटीचा की. वर्षानुवर्षे हे केलेल्या माणसाला पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच येते, याचा विचारही करावा लागत नाही.

असा निवृत्त कंपोझिटर गावातल्या छोट्या छापखान्यात संगणकासमोर बसला की पहिली अडचण इथेच येते. सवयीने तो वेलांटी आधी दाबतो, आणि पडद्यावर वेलांटीशेजारी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ म्हणजे चिन्हाला आधार देणारे अक्षर सापडले नसल्याची खूण. युनिकोड दिसण्याचा नव्हे, उच्चाराचा क्रम पाळतो. त्यात 'कार्तिकी' हा शब्द क, ा, र, ्, त, ि, क, ी अशा आठ संकेतांनी साठवला जातो. वेलांटी पुढे आणणे आणि र् चा रफार करून वर चढवणे हे काम मजकूर मांडणारा प्रोग्राम फॉन्टमधल्या नियमांच्या मदतीने करतो.

युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट या कंपोझिटरला जास्त ओळखीचे वाटतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांत प्रत्येक संकेत अक्षराच्या एका तुकड्याचा असतो, जणू ती केसच होय. पण फॉन्ट बदलला की त्यांतला सगळा मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो. युनिकोडमधला मजकूर फॉन्ट बदलूनही वाचता येतो आणि त्यात शब्द शोधता येतो. म्हणून छापखान्याने नवे काम युनिकोडमध्येच करावे.

तरीही चूक होते. कार्तिकी यात्रेचे पत्रक मेलने येते, तिथे नीट दिसते, पण पान लावण्याच्या प्रोग्राममध्ये घेतल्यावर वेलांटी त च्या मागे जाते आणि रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो. दोष मजकुरात नसतो. तो प्रोग्राम भारतीय लिपीचे नियम लावत नसतो. 'इनडिझाइन'मध्ये परिच्छेदाच्या मांडणीसाठी World-Ready हा पर्याय निवडला की तोच मजकूर जागेवर येतो.

ही चूक संगणकाचा स्पेलचेकर दाखवत नाही, कारण साठवलेला शब्द शुद्धच असतो. ती डोळ्यांनाच दिसते, आणि उलटे खिळे वाचणाऱ्या डोळ्यांना सर्वांत आधी. 'सर्वांना'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले आहेत का, 'वाऱ्या'तला अर्धा र आडव्या रेषेसारखा आला आहे की रफार होऊन वर गेला आहे, हे त्याला लगेच कळते. छोट्या छापखान्यांनी जुन्या कंपोझिटरकडून टायपिंग करून घेण्याचा हट्ट धरू नये. छपाईला जाण्याआधीचे शेवटचे प्रूफ मात्र त्याच्याच हाती द्यावे.