सासऱ्यांचे श्राद्ध मंगळवारी की बुधवारी?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पंधरा हजार रुपयांचे कर्ज मागितले. कारण विचारले तर म्हणाल्या, "मामंजींचे श्राद्ध आहे. शंभर पान तरी उठवावे लागेल." दिवस कोणता, तर तो मात्र घरात ठरत नव्हता. दीर म्हणत होते इंग्रजी तारखेला करू, यजमान म्हणत होते पंचमीला, आणि सासूबाई म्हणत होत्या षष्ठीला. पहिल्या वर्षीचे सगळे गुरुजींनी फोनवर सांगितले तसे पार पडले होते, पण तिथी कुणी लिहून ठेवली नव्हती. हे कोडे त्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन सोडवले. तेच आज तुम्हाला सांगतो.

वार्षिक श्राद्धाला तीन गोष्टी लागतात. माणूस गेला तो मराठी महिना, शुद्ध की वद्य हा पक्ष, आणि तिथी. इंग्रजी तारीख यात येत नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून श्राद्ध दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. तेव्हा श्रावणात गेलेल्यांचे दरवर्षीचे श्राद्ध निज श्रावणात झाले. पहिल्या वर्षाचा नियम वेगळा असतो, तो गुरुजींना विचारावा.

आता तिथी कोणती धरायची? प्राण गेला त्या क्षणी जी तिथी चालू होती ती. इथेच बहुतेक घरांत चूक होते. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी असते. ती दिवसभर टिकतेच असे नाही. तिथी रात्री बारालाही बदलत नाही आणि सकाळी सहालाही नाही. ती चंद्राच्या गतीने केव्हाही बदलते, आणि एक तिथी साधारण एकोणीस ते सव्वीस तास चालते.

ताईंचे सासरे मार्गशीर्षात, वद्य पक्षात, रविवारी रात्री ९.४० ला दवाखान्यात गेले. मृत्यूच्या दाखल्यावर फक्त तारीख होती. वेळ मिळाली ती दवाखान्याच्या कागदावर. आम्ही त्या वर्षीचे कॅलेंडर काढायला सांगितले. रविवारच्या चौकटीत मोठ्या अक्षरात पंचमी होती, आणि खाली बारीक अक्षरात 'सायं. ७.५२ पर्यंत'. म्हणजे ९.४० ला षष्ठी लागून पावणेदोन तास झाले होते. सासूबाईंचे बरोबर निघाले. मार्गशीर्ष वद्य षष्ठी.

मग यंदाचे कॅलेंडर उघडले. षष्ठी बुधवारच्या चौकटीत होती. ताई म्हणाल्या, "चला, बुधवार ठरला." पण थांबा, अजून एक पायरी आहे. व्रताला आणि सणाला बऱ्याचदा सूर्योदयाची तिथी बघतात, वार्षिक श्राद्धाला आपल्याकडे अपराह्णाची बघतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच सारखे भाग करायचे, त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण. दिवस सहा ते सहा धरला तर दुपारी १.१२ ते ३.३६. थंडीत-उन्हाळ्यात थोडा फरक पडतो. या वेळात मृत्यूची तिथी ज्या दिवशी असेल तो श्राद्धाचा दिवस.

यंदा मंगळवारी पंचमी सकाळी ११.३४ ला संपत होती. तिथून षष्ठी सुरू, ती बुधवारी सकाळी ९.५० पर्यंत. बुधवारी दुपारी बघाल तर सप्तमी लागलेली. मंगळवारी दुपारी मात्र पूर्ण षष्ठी. म्हणून श्राद्ध मंगळवारी, चौकटीत पंचमी छापलेली असली तरी. ताळा पाहायचा तर पंचांगात त्या दिवसापुढे 'षष्ठी श्राद्ध' असे लिहिलेले सापडते. तिथी दोन्ही दिवशी दुपारी असेल किंवा एकाही दिवशी नसेल, तर स्वतः गणित न करता पंचांगातली हीच ओळ धरावी.

तिथी ठाऊकच नसेल, कुणी परगावी गेले आणि नक्की केव्हा ते कळलेच नाही, तर महिना माहीत असल्यास त्या महिन्याच्या अमावास्येला श्राद्ध करतात. पितृपक्षातले श्राद्ध निराळे. तिथे फक्त तिथी बघतात, महिना भाद्रपदच. ते केले म्हणून वार्षिक चुकते होत नाही.

दिवस ठरला. आता शंभर पानांचे. आम्ही ताईंना विचारले, "श्राद्धात पितरांना नेमके काय द्यायचे असते?" तिळाचे पाणी आणि पिंड. पिंड शिजवलेल्या भाताचे, त्यात काळे तीळ, तूप, मध, दूध. वडिलांचे श्राद्ध असेल तर तीन पिंड: वडील, आजोबा, पणजोबा. ते दर्भावर मांडतात. पाणी सोडताना तोंड दक्षिणेला, आणि पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचे. वर पांढरे फूल, तुळस, माका.

स्वयंपाकात भात-वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळा किंवा गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण नाही. गाईचा घास आणि कावळ्याचे पान आधी काढून ठेवायचे. घराघरांत एखादा पदार्थ इकडचा तिकडे असतो, सासूबाईंना विचारून घ्यावे. जेवायला गुरुजी आणि घरची माणसे. श्राद्धाला फार माणसे बोलावू नयेत असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांतच सांगितले आहे, कारण गर्दीत विधीची वेळ आणि सोवळे दोन्ही सांभाळले जात नाही. शंभर पान ही भावकीची रीत, श्राद्धाची अट नव्हे.

ज्यांना स्वयंपाकही झेपत नाही त्यांच्यासाठी आमश्राद्ध आहे. त्यात शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा देतात. तेही शक्य नसेल तर हिरण्यश्राद्ध, म्हणजे अन्नाच्या जागी यथाशक्ती दक्षिणा. काहीच नसेल तर गाईला चारा घालावा, आणि तोही मिळाला नाही तर दक्षिणेकडे तोंड करून दोन्ही हात वर करून पितरांना नमस्कार करावा, इथपर्यंत सोय सांगितली आहे.

ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. मंगळवारी गुरुजी, घरातली सात माणसे आणि दीर-जाऊ एवढेच जेवले. गुरुजींना दक्षिणा आणि शिधा दिला: अर्धा किलो तांदूळ, अर्धा किलो कणीक, पाव किलो तूरडाळ, गूळ, तूप, मीठ आणि एक भाजी. सगळे मिळून दोन हजारांच्या आत बसले. दिरांनी भावकीला काय सांगायचे म्हणून कुरकुर केली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माणसाची तिथी बरोबर धरली, मला तेवढे पुरे."

आता तुमच्या घरातले एक काम. देवघराजवळच्या वहीत प्रत्येक गेलेल्या माणसापुढे महिना, पक्ष, तिथी आणि गेल्याची वेळ लिहून ठेवा. दवाखान्याचा कागद असेल तर तोही त्याच वहीत लावा. ज्यांना हे आठवते ती माणसे घरात आहेत तोवर लिहून घ्या.