रिंग लाइट घेताय? आधी कोशाची साडी उलगडून पाहा!

भगिनींनो, घरबसल्या मोबाइलवरून साड्या विकणाऱ्या कितीतरी जणी आता आपल्या भंडाऱ्यात आहेत. माझी नणंद त्यांतलीच एक. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या कोशाच्या साड्या ती आणते, फोटो काढते आणि पुण्या-मुंबईला पाठवते. मागच्या दिवाळीत तिच्या तीन साड्या परत आल्या. सगळ्यांची तक्रार एकच: "फोटोत गडद सोनेरी दिसली, हातात आली ती फिकी!" जाण्यायेण्याचं पार्सलभाडं तिच्याच माथी बसलं. साडी चांगली होती. चुकला होता तो दिवा.

झालं असं की, तिनं दहा इंची रिंग लाइट पिवळसर उजेडावर ठेवला होता आणि खोलीतला पिवळा बल्बही चालूच होता. कोसा मुळात मधासारख्या रंगाचा. त्यावर दोन्ही पिवळे उजेड पडले आणि साडी हळदीत बुडवल्यासारखी दिसू लागली.

बहुतेक लहान रिंग लाइटना पिवळसर, मधला आणि पांढरा असे तीन उजेड असतात. साडीसाठी मधला घ्या आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. फोटोत साडीच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवा. नुसता सोनेरी कापडच समोर असला, की मोबाइलला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो आपल्या मनानं रंग निळसर करून टाकतो. कागद ठेवला की निदान आपल्याला कळतं: कागद पांढरा दिसला तर साडीचा रंगही बराचसा खरा. शेवटी साडी दिवसा खिडकीशी नेऊन फोटोशी ताडून पाहा.

आता दुसरी गोष्ट. रिंग लाइट मुळात चेहऱ्यासाठी केलेला. मोबाइल कड्याच्या मधोमध बसतो, उजेड समोरून पडतो आणि सावलीच पुसली जाते. चेहऱ्याला ते शोभतं, पण कोशाची ओळख त्याच्या खरबरीत धाग्यात. सावली गेली की विणही गेली. पितळी भांड्यांचं तर विचारूच नका! तांब्यावर अख्खं गोल कडं उमटलेलं दिसतं. म्हणून दिवा बाजूला, तिरपा ठेवा. भांडं असेल तर मध्ये पांढरं पातळ कापड धरा.

म्हणजेच, दिव्याबरोबर येणाऱ्या एकाच स्टँडवर भागत नाही. मोबाइलसाठी ट्रायपॉड वेगळा हवा. तो घेताना तिन्ही पाय पुरते पसरून वर मोबाइल लावा आणि हलकेच टिचकी मारा. मोबाइल बराच वेळ डुलत राहिला तर तो ट्रायपॉड नको. घरी मधल्या दांडीला आकडा असल्यास दोन किलो तांदळाची पिशवी लटकवावी, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानंही तो हलत नाही.

कंपन्यांचं म्हणाल, तर टायगॉटचा दहा इंची दिवा उंच स्टँडसह साधारण हजार-दीड हजारांच्या आसपास मिळतो. तो मोबाइलच्या चार्जरवर चालतो. दहा वॉटचा असा दिवा दहा हजारांच्या पॉवर बँकेवर सुमारे तीन तास टिकतो. गावात वीज गेली तर तेवढाच आधार. डिजिटेकचे लहान दिवे आहेत, तसे अठरा इंचीही आहेत. पण मोठ्याला भिंतीतली वीज लागते, जागाही लागते. अख्खी साडी नेसून दाखवायची असेल तरच त्याचा उपयोग. गोडॉक्स ही कंपनी मुळात स्टुडिओचे दिवे करणारी. किंमत चढी, पण रंग नेमके दाखवण्याचा आकडा, ज्याला सीआरआय म्हणतात, तो ती सांगते. कोणत्याही खोक्यावर हा आकडा ९५ किंवा वर असेल तर कापडासाठी उत्तम. आकडाच दिला नसेल, तर सोबत नेलेल्या कोशाच्या तुकड्यावर दिवा लावून पाहूनच पैसे द्या.

दुकानात आणखी एक तपासणी करा. दिवा अगदी मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर व्हिडिओतही ते उमटणार. तो दिवा परत ठेवा.

माझ्या नणंदेनं मोठा दिवा घेतलाच नाही. जुनाच दहा इंची दिवा डाव्या बाजूला तिरपा ठेवला, बल्ब बंद केला आणि मोबाइलसाठी एक धड ट्रायपॉड तेवढा घेतला. आता फोटोखाली ती एक ओळही लिहिते: "दिवसाच्या उजेडात ताडून पाहिलेला रंग." त्यानंतर रंगाच्या तक्रारीनं एकही साडी परत आलेली नाही.