छताच्या पट्ट्या कुठे मिळतात?

संगणकावर काढलेल्या खोलीच्या चित्रात लाकडी पट्ट्यांचं फॉल्स सीलिंग चुकलं की पूर्ण खोलीच खोटी वाटते. ३६०० मिमी रुंदीची खोली घ्या. ४० मिमीची पट्टी, ६० मिमीची फट. अशा ३६ पट्ट्या बसतात आणि दोन्ही भिंतींपाशी ३० मिमी उरतात. आता प्रत्येक फटीचा मध्य भिंतीपासून १००च्या पटीत येतो. म्हणून दिव्यांच्या दोन रांगा ९०० आणि २७०० मिमीवर घेतल्या की ५० मिमीचे दिवे थेट फटीत बसतात, पट्टी कापावी लागत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर लांब जाणाऱ्या पट्ट्या आणि फरशीचे सांधे डोळ्याच्या उंचीवर एकाच बिंदूत मिळतात. चित्रावर पट्टी ठेवून तपासा. दोघांचे बिंदू वेगळे आले, तर छत नंतर चिकटवलेलं आहे. कॅमेऱ्यापासून २, ४ आणि ६ मीटरवरचे दिवे चित्रात समान अंतरावर दिसत नाहीत. पहिल्या दोघांतलं अंतर ३ सेंमी असेल, तर पुढचं फक्त १ सेंमी. हौशी चित्रकार नेमके इथेच दिवे समान अंतरावर मांडतात.